छताच्या मधोमध पडलेलं भोक: रिसेप्टिव्ह फील्ड हाताने कसं मोजायचं

हवाई छायाचित्रांतून इमारती वेगळ्या काढणारं एक छोटं सेगमेंटेशन नेटवर्क मी शिकवत होतो. एका पिक्सेलमध्ये जमिनीवरचे ५० सेंटीमीटर मावतील, अशी ती छायाचित्रं होती. लहान घरं अगदी नेटकी येत होती. मोठ्या गोदामांची छतं मात्र काही केल्या जमेनात. १२० पिक्सेल रुंदीच्या छताला कडेनं साधारण १५ पिक्सेलची पट्टी 'इमारत' म्हणून लागायची आणि आतला सगळा भाग 'रस्ता' म्हणून. दिसायला थेट चौकट, मध्ये भोक.

आधी मी नमुने वाढवले, मग लर्निंग रेट बदलून पाहिला, मग लॉसमध्ये इमारतींना जास्त वजन दिलं. भोक जागेवरच. शेवटी पाच-सहा छतांवर त्या पट्टीची रुंदी मोजली. छत केवढंही असो, पट्टी १४ ते १७ पिक्सेलच भरत होती. तिथं उलगडा झाला. छताच्या आकाराशी या पट्टीचा संबंध नव्हता, तिचा संबंध नेटवर्कला किती लांबचं दिसतं याच्याशी होता. छताच्या मध्यावरच्या पिक्सेलला आजूबाजूला फक्त करडा सपाट पृष्ठभाग दिसत होता, आणि तेवढ्याच तुकड्यावरून डांबरी रस्ता आणि सिमेंटचं छत यांत फरक करणं माणसालाही जमलं नसतं.

आउटपुटमधल्या एका पिक्सेलचं उत्तर मूळ चित्रातल्या जेवढ्या भागावर अवलंबून असू शकतं, तेवढा भाग म्हणजे त्या पिक्सेलचं रिसेप्टिव्ह फील्ड. चित्र ओळखायचं असेल, म्हणजे संपूर्ण चित्राला एकच नाव द्यायचं असेल, तर शेवटी सगळ्या चित्राची सरासरी घेतली जाते आणि ही गोष्ट बरीचशी झाकली जाते. सेगमेंटेशनमध्ये प्रत्येक पिक्सेलला स्वतंत्र उत्तर द्यावं लागतं, आणि ते त्याला दिसणाऱ्या खिडकीतूनच द्यावं लागतं. म्हणून खिडकीचा आकार आधी मोजावा, शिकवायला मागाहून बसावं. हिशेब कागदावर दहा मिनिटांत होतो.

पायरी १: फक्त दोन आकडे सांभाळायचे

चित्राला लांबी आणि रुंदी असते, पण हिशेब एकाच दिशेचा करायचा. कर्नल चौरस असेल तर दुसऱ्या दिशेचं उत्तर तेच येतं.

पहिला आकडा `r`, म्हणजे आत्ताच्या थरातल्या एका पिक्सेलला मूळ चित्रातले किती पिक्सेल दिसतात. दुसरा `j`, म्हणजे आत्ताच्या थरात एक घर बाजूला सरकलं तर मूळ चित्रात किती पिक्सेल सरकल्यासारखं होतं. या `j`ला मी उडी म्हणतो. सुरुवातीला, चित्रावरच उभे असताना, दोन्ही १ असतात.

कर्नलची लांबी `k`, स्ट्राइड `s` आणि डायलेशन `d` धरलं, तर प्रत्येक थरावर एवढंच करायचं:

```
r = r + (k - 1) * d * j
j = j * s
```

पहिली ओळ अशी वाचावी. `k` घरांच्या कर्नलमध्ये पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत `k - 1` पावलं असतात. डायलेशन असेल तर प्रत्येक पाऊल `d` घरांचं होतं. आणि आत्ताच्या थरातलं प्रत्येक घर मूळ चित्रात `j` पिक्सेलांचं असतं. तिन्हींचा गुणाकार केला की खिडकी किती वाढली ते कळतं.

ओळींचा क्रम बदलू नका. नवशिक्याची चूक बहुतेक वेळा इथंच होते. थराचा स्वतःचा स्ट्राइड त्याच्या आउटपुटला लागू होतो, त्याचा कर्नल मात्र जुन्याच उडीने पसरलेला असतो. समजा पहिलाच थर ३ च्या कर्नलचा आणि स्ट्राइड २ चा आहे. बरोबर हिशेबात `r` ३ येतो, आणि ते उघडच आहे, कारण कर्नल तीनच पिक्सेलांना शिवतो. उडी आधी दुप्पट केली तर उत्तर ५ येतं. पहिल्या थरावर ही चूक डोळ्यांना दिसते, दहाव्या थरावर दिसत नाही.

रेलू, ड्रॉपआउट आणि १ × १ चं कन्व्होल्यूशन यांनी `r` बदलत नाही. पॅडिंगनेही बदलत नाही. पॅडिंगमुळे खिडकीचा काही भाग चित्राबाहेरच्या शून्यांवर पडतो, तिचा आकार तोच राहतो. पूलिंगला मात्र कन्व्होल्यूशनसारखंच वागवायचं, कारण तेही `k` घरांकडे पाहूनच एक आकडा देतं.

पायरी २: बिघडलेल्या नेटवर्कचा हिशेब

माझ्या नेटवर्कची रचना साधी होती. ३ × ३ ची दोन कन्व्होल्यूशन, मग २ × २ चं पूलिंग, पुन्हा तेच, आणि शेवटी ३ × ३ ची आणखी दोन कन्व्होल्यूशन. त्यावर १ × १ चा थर वर्ग ठरवायचा आणि बायलिनियर पद्धतीने चारपट मोठं करून आउटपुट मूळ मापाला आणलं जायचं.

```python
layers = [("conv1a",3,1,1), ("conv1b",3,1,1), ("pool1",2,2,1),
          ("conv2a",3,1,1), ("conv2b",3,1,1), ("pool2",2,2,1),
          ("conv3a",3,1,1), ("conv3b",3,1,1)]
r, j = 1, 1
for name, k, s, d in layers:
    r += (k - 1) * d * j
    j *= s
    print(name, r, j)
```

```
conv1a 3 1
conv1b 5 1
pool1 6 2
conv2a 10 2
conv2b 14 2
pool2 16 4
conv3a 24 4
conv3b 32 4
```

ही ओळ-ओळ एकदा हाताने पडताळून पाहा. `pool1` ने स्वतः फक्त १ पिक्सेल वाढवला, ५ चे ६ केले. पण त्याने उडी २ केली, आणि त्यानंतरचं प्रत्येक कन्व्होल्यूशन २ ऐवजी ४ पिक्सेल वाढवू लागलं. पूलिंगची खरी कमाई पुढच्या थरांत दिसते. म्हणूनच अगदी शेवटी लावलेलं पूलिंग खिडकी वाढवायला जवळजवळ निरुपयोगी ठरतं.

शेवटच्या बायलिनियर पायरीचंही थोडं देणं लागतं. चारपट मोठं करताना प्रत्येक आउटपुट पिक्सेल एका दिशेत दोन शेजारच्या घरांमधून बनतो आणि ती घरं एका उडीवर, म्हणजे ४ पिक्सेलांवर असतात. त्यामुळे ३२ चे ३६ होतात. अर्धे १८. म्हणजे कडेपासून १८ पिक्सेलांहून आत असलेल्या पिक्सेलला कडा दिसणंच शक्य नाही. मी मोजलेली पट्टी १४ ते १७ होती. ती १८ पेक्षा थोडी कमी का, हे पुढे येईल.

ही निदानाची पद्धत लक्षात ठेवण्याजोगी आहे. मोठ्या वस्तूंच्या पोटात चूक होत असेल आणि कडेची बरोबर पट्टी वस्तू लहान असो वा मोठी, एकाच रुंदीची येत असेल, तर खिडकी अपुरी आहे. उलट चूक कुठेही, कशाही आकाराच्या डागांत येत असेल, तर कारण दुसरीकडे शोधावं. नमुन्यांच्या खुणाच चुकीच्या असतील किंवा त्या वर्गाचे नमुने फार कमी असतील.

पायरी ३: किती हवं ते वस्तूकडे पाहून ठरवायचं

इथं पुस्तकी आकडा नाही. आपल्या चित्रांतली मोठ्यात मोठी वस्तू पिक्सेलांमध्ये मोजायची. १२० पिक्सेलांच्या छताच्या मध्यापासून कडा ६० वर आहे, तेव्हा दोन्ही कडा जेमतेम दिसायला १२० हून थोडी मोठी खिडकी लागते. पण कडा खिडकीच्या अगदी काठावर असून भागत नाही. कडेपलीकडचं आवार, सावली, लागून असलेला रस्ता हेही थोडंफार दिसायला हवं, कारण 'हे छत आहे' हा पुरावा तिथंच असतो. मी वस्तूच्या दुपटीच्या आसपास धरतो. हा माझा अंदाज आहे, नियम नाही, आणि वस्तूचा पोतच तिची ओळख असेल, उदाहरणार्थ वीटकाम किंवा पिकाच्या ओळी, तर यापेक्षा पुष्कळ कमी खिडकीतही काम होतं.

इमेजचं रिझोल्यूशन बदललं की सगळा हिशेब बदलतो, हेही विसरू नका. २५ सेंटीमीटरच्या छायाचित्रांत तेच गोदाम २४० पिक्सेलांचं होतं. ५० सेंटीमीटरवर व्यवस्थित चालणारं नेटवर्क जास्त स्पष्ट चित्रांवर बिघडतं, ते बऱ्याचदा यामुळेच.

पायरी ४: खिडकी वाढवायचे तीन रस्ते

पहिला रस्ता म्हणजे नुसती कन्व्होल्यूशन वाढवत जाणं. उडी ४ असताना ३ × ३ चं प्रत्येक कन्व्होल्यूशन ८ पिक्सेल देतं. ३२ वरून १२० ओलांडायला असे १२ थर लागतील, आणि तेव्हा कुठे १२८. शिकवायला जड, आणि पुढे दिसेल त्या कारणामुळे शेवटच्या पिक्सेलांचा प्रभावही नगण्य.

दुसरा रस्ता पूलिंगचा. `conv3b` नंतर आणखी एक पूलिंग आणि दोन कन्व्होल्यूशन, मग पुन्हा तेच, असं केलं की `r` चा प्रवास ३६, ५२, ६८, ७६, १०८, १४० असा होतो. फक्त सहा थर, आणि पुढचे नकाशे लहान होत गेल्यामुळे गणितही हलकं. २०१५ च्या यू-नेटच्या तळाशी हाच १४० चा आकडा येतो, कारण तिथं दोन कन्व्होल्यूशन आणि एक पूलिंग असा साचा चार वेळा येतो आणि तळाला आणखी दोन कन्व्होल्यूशन असतात. किंमत अशी की उडी १६ होते. तळाच्या एका घरात मूळचे १६ × १६ पिक्सेल कोंबले जातात आणि तीन-चार पिक्सेल रुंदीची भिंत किंवा वाट तिथं पुसली जाते. ती परत मिळवायला वरच्या थरांतून आडवे जोड आणावे लागतात.

आडवे जोड असतील तर एका आउटपुट पिक्सेलकडे वेगवेगळ्या लांबीच्या वाटा येतात. रिसेप्टिव्ह फील्ड सांगताना सगळ्यात लांब वाट धरायची, म्हणजे तळातून जाणारी. आखूड वाटा बारीक तपशील आणतात, लांब वाट आजूबाजूचं भान आणते. वर चढतानाची कन्व्होल्यूशनसुद्धा खिडकी वाढवतात, फक्त तिथं वरचं सूत्र जसंच्या तसं लावता येत नाही, कारण मोठं केल्यावर शेजारची दोन घरं तळाच्या एकाच घरातून आलेली असू शकतात. यू-नेटमध्ये आउटपुटकडून तळाकडे घरं मोजत गेलं तर काही पिक्सेलांना १८८ आणि काहींना २०४ असं उत्तर येतं. एकाच नेटवर्कमध्ये जागेनुसार खिडकी बदलते, हे पहिल्यांदा मोजलं तेव्हा मला गणित चुकल्यासारखंच वाटलं होतं.

तिसरा रस्ता डायलेशनचा, आणि मी तोच घेतला. कर्नलची नऊच घरं ठेवायची, पण त्यांच्यामध्ये अंतर सोडायचं. डायलेशन २ असेल तर ३ चा कर्नल ५ घरांवर पसरतो, ४ असेल तर ९ वर, ८ असेल तर १७ वर. वजनं तेवढीच, नकाशाही तेवढाच मोठा राहतो. उडी ४ वर ठेवून `conv3b` नंतर डायलेशन २, ४, ८ चे तीन थर लावले:

```
d=2:  r = 32 + 2*2*4 = 48
d=4:  r = 48 + 2*4*4 = 80
d=8:  r = 80 + 2*8*4 = 144
```

१२ थरांनी १२८ मिळत होते, तिथं तीन थरांनी १४४. बदल्यात मेमरी लागते. ५१२ च्या चित्रात या प्रत्येक थराचा नकाशा १२८ × १२८ चा राहतो, तर पूलिंगच्या रस्त्यात शेवटचे नकाशे ३२ × ३२ चे झाले असते. माझ्या कामात इमारतींच्या कडा नेमक्या यायला हव्या होत्या, म्हणून मेमरीचा खर्च मी मान्य केला. ढगांची किंवा पाण्याची ढोबळ क्षेत्रं हवी असतील, तर पूलिंगचाच रस्ता शहाणपणाचा.

पायरी ५: डायलेशनची जाळी

वरचा १४४ हा आकडा खरा आहे, पण त्याच्या पोटात एक अडचण आहे आणि ती सूत्रात दिसत नाही. पहिल्या प्रशिक्षणानंतर माझ्या आउटपुटमध्ये बुद्धिबळाच्या पटासारखे बारीक ठिपके आले. ४ पिक्सेलांचं एक घर इमारत, शेजारचं घर रस्ता, पुन्हा इमारत.

कारण असं. डायलेशन २ चा थर डावीकडे २, स्वतः, आणि उजवीकडे २ अशी घरं पाहतो. ४ चा थर ४ घरांवर, ८ चा थर ८ घरांवर. या सगळ्या सम संख्या. त्यांची कशीही बेरीज-वजाबाकी करा, विषम अंतर येणारच नाही. म्हणजे शेवटच्या थरातल्या ५० व्या घराने `conv3b` ची फक्त सम क्रमांकांची घरं वापरली आणि ५१ व्या घराने फक्त विषम. दोन सख्खे शेजारी, पण एकाच्या पुराव्यातलं एकही घर दुसऱ्याच्या पुराव्यात नाही. पुरावा थोडा जरी डळमळीत असला की दोघांची उत्तरं वेगळी पडतात.

उपाय स्वस्त आहे. शेवटी डायलेशन १ चा एक साधा ३ × ३ थर जोडायचा. तो सम आणि विषम घरं पुन्हा मिसळतो. माझा क्रम २, ४, ८, १ झाला आणि `r` १४४ वरून १५२ वर गेला, बायलिनियर धरून १५६. ठिपके गेले. दुसरा उपाय म्हणजे डायलेशनचे आकडे असे निवडायचे की त्या सगळ्यांना भागणारा १ सोडून दुसरा आकडा नसेल आणि मध्ये भोकंही उरणार नाहीत, जसं १, २, ५. यू आणि कोल्टुन यांनी २०१६ मध्ये मांडलेल्या डायलेशनच्या मॉड्यूलमध्येही ३ × ३ च्या थरांचा क्रम १, १, २, ४, ८, १६, १ असा आहे. तिथं सुरुवातही १ ने आणि शेवटही १ ने होतो. त्याचा हिशेब सरावासाठी करून पाहा, उडी १ धरून ३, ५, ९, १७, ३३, ६५, ६७ असं यायला हवं.

डायलेशन वाढवायलाही मर्यादा आहे. नकाशा ३२ घरांचा आणि डायलेशन ३० असेल, तर बहुतेक जागी कर्नलची बाहेरची घरं पॅडिंगच्या शून्यांवर पडतात. मधलं एकच घर काम करतं आणि ३ × ३ चा कर्नल प्रत्यक्षात १ × १ चा होऊन बसतो. कागदावर `r` प्रचंड दिसतो, हाती काहीच येत नाही.

पायरी ६: कागदावरचा आकडा नेटवर्ककडून तपासून घ्यायचा

रचना गुंतागुंतीची झाली की हाताचा हिशेब चुकू शकतो. खात्री करायला ग्रेडियंट वापरायचा. आउटपुटचा मधला एक पिक्सेल घ्यायचा, त्याचा इनपुटच्या प्रत्येक पिक्सेलशी ग्रेडियंट काढायचा आणि शून्य नसलेला भाग किती रुंद आहे ते मोजायचं.

```python
net.eval()
with torch.no_grad():
    for m in net.modules():
        if isinstance(m, torch.nn.Conv2d):
            m.weight.fill_(1.0 / m.weight[0].numel())
            if m.bias is not None:
                m.bias.zero_()

x = torch.ones(1, 3, 512, 512, requires_grad=True)
y = net(x)
c = y.shape[-1] // 2
y[0, :, c, c].sum().backward()
g = x.grad.abs().sum(dim=1)[0]
rows = torch.nonzero(g.sum(dim=1))
print((rows.max() - rows.min() + 1).item())
```

ही चाचणी नव्याने बांधलेल्या, न शिकवलेल्या नेटवर्कवर करायची. वजनं सगळी धन आणि सारखी ठेवली, कारण ऋण आकडे आले की रेलू काही वाटा बंद करतो आणि खिडकी लहान दिसते. मॅक्स पूलिंग चार घरांपैकी एकाच घराला ग्रेडियंट देतं, म्हणून चाचणीपुरतं त्याच्या जागी त्याच मापाचं `AvgPool2d` ठेवायचं.

`net.eval()` विसरलात तर मात्र घोटाळा होतो. प्रशिक्षणाच्या अवस्थेत बॅच नॉर्मलायझेशन सगळ्या चित्राची सरासरी वापरतं, त्यामुळे ग्रेडियंट कानाकोपऱ्यांत झिरपतो आणि उत्तर १५६ ऐवजी चित्राएवढं येऊ शकतं. अशा वेळी नेटवर्क फार दूरवर पाहतंय, असा समज करून घेऊ नका.

पायरी ७: दिसणं आणि लक्ष जाणं

आता त्या १८ आणि १५ च्या फरकाकडे येऊ. रिसेप्टिव्ह फील्ड सांगतं की पिक्सेल कुठवर पाहू शकतो. तिथल्या प्रत्येक जागेचा प्रभाव सारखा असतो, असं ते सांगत नाही.

तीन घरांचे, सारख्या वजनाचे थर एका ओळीत एकावर एक ठेवा आणि प्रत्येक इनपुट घरापासून आउटपुटपर्यंत किती वाटा जातात ते मोजा. एका थरात १, १, १. दोन थरांत १, २, ३, २, १. तीन थरांत १, ३, ६, ७, ६, ३, १. तीन थरांची खिडकी ७ घरांची, एकूण वाटा २७, त्यांतल्या मधल्या घराला ७ आणि टोकाच्या घराला फक्त १. थर वाढतील तसा हा आकार घंटेसारखा होत जातो. लुओ आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हेच दाखवलं. थरांची संख्या `n` असेल, तर खिडकी `n` च्या प्रमाणात वाढते, पण खरा प्रभाव असलेला भाग `n` च्या वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणून नुसते थर वाढवण्याचा पहिला रस्ता इतका महाग पडतो.

माझ्याही बाबतीत तेच झालं. १५६ ची खिडकी म्हणजे अर्धे ७८, आणि छताची कडा ६० वर. कागदावर भोक बुजायला हवं होतं. ते आकसलं, पण १२० च्या छतांच्या मध्यावर फिकट डाग राहिले. शिकवलेल्या नेटवर्कवर, खऱ्या चित्रांवर, वरचीच ग्रेडियंटची चाचणी वजनं न बदलता केली आणि बऱ्याच चित्रांची सरासरी काढली, तेव्हा ६० पिक्सेलांवरचा प्रभाव अगदीच पुसट दिसला. मग ८ नंतर डायलेशन १६ चा एक थर घातला. आता `r` ४८, ८०, १४४, २७२ आणि शेवटच्या साध्या थरासह २८० झाला, बायलिनियर धरून २८४. छताच्या दुपटीहून जास्त. यानंतर डाग गेले. २६० पिक्सेलांच्या एका कारखान्याच्या छतावर मात्र मध्ये एक लहान डाग अजून आहे, आणि आता तो का आहे हे मला माहीत आहे.

पायरी ८: तुकड्यांचा काठ

मोठं छायाचित्र एकदम मेमरीत मावत नाही, म्हणून ते तुकड्यांत कापून चालवतात. तुकड्याच्या काठाजवळच्या पिक्सेलची खिडकी तुकड्याबाहेर जाते आणि तिथं शून्यं असतात. काठापासून अर्ध्या खिडकीपर्यंतची उत्तरं त्यामुळे बिघडू शकतात. म्हणून तुकडे एकमेकांवर चढवायचे आणि प्रत्येकाचा काठ फेकून द्यायचा.

किती फेकायचा, तर निम्मं रिसेप्टिव्ह फील्ड, उडीच्या पटीत वर नेऊन. १५६ च्या नेटवर्कसाठी निम्मे ७८, ४ च्या पटीत ८०. ५१२ च्या तुकड्यातून मधले ३५२ पिक्सेल उरतात. दोन तुकड्यांमधलं अंतरही उडीच्या पटीत हवं. ३५२ ला ४ ने भाग जातो, म्हणून पूलिंगची घरं प्रत्येक तुकड्यात चित्राच्या त्याच जागी पडतात. अंतर ३५० घेतलं असतं, तर शेजारच्या तुकड्यात घरं २ पिक्सेलांनी सरकली असती आणि जोडावर इमारतीच्या कडा किंचित तुटलेल्या दिसल्या असत्या. हा दोष इतका बारीक असतो की नकाशा खूप मोठा करून पाहिल्याशिवाय सापडत नाही.

खिडकी २८४ झाल्यावर इथला खर्च वाढला. निम्मे १४२, म्हणजे काठ १४४ चा, आणि ५१२ च्या तुकड्यात उरतात फक्त २२४. क्षेत्रफळात पाहिलं तर केलेल्या कामातलं १९ टक्के ठेवायचं आणि बाकी टाकायचं. काठ निम्मा करूनही चालतं, कारण टोकाचा प्रभाव पुसट असतो, पण तसं करायचं तर आधी त्याच जागेची उत्तरं दोन वेगळ्या तुकड्यांतून काढून किती पिक्सेल बदलतात ते मोजावं. मी तुकडाच १०२४ चा केला आणि एका वेळी चाराऐवजी एकच तुकडा चालवला. ७३६ पिक्सेल उरले, क्षेत्रफळाच्या हिशेबात ५२ टक्के, आणि मेमरी जवळपास तेवढीच लागली.